यूके स्टुडंट व्हिसासाठी शैक्षणिक कर्जाचं सँक्शन लेटर चालतं का?

प्रश्न: बँकेने कर्ज मंजूर केलंय, पण पैसे अजून खात्यात नाहीत. नुसतं सँक्शन लेटर दाखवलं तर चालेल का?

हो, चालेल, पैसे खात्यात 28 दिवस असण्याची अट शैक्षणिक कर्जाला लागू नाही. मात्र पत्रातला मजकूर नीट वाचा, कारण घोळ तिथेच होतो. यूकेच्या इमिग्रेशन नियमांप्रमाणे पत्र अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतलं हवं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर आणि शैक्षणिक कर्ज योजनेतलं हवं (वडिलांनी काढलेलं पर्सनल लोन नको), आणि प्रवासाआधी पैसे उपलब्ध होतील असं त्यात लिहिलेलं हवं. शिवाय व्हिसा मिळण्यापलीकडे कोणतीही अट नको. आपल्याकडच्या पत्रांत मात्र ‘गहाणखत नोंदवल्यावर’, ‘मार्जिन मनी भरल्यावर’ अशी वाक्यं सर्रास असतात. अशा वेळी त्या बाबी आधी पुऱ्या करून बँकेकडून ‘सर्व अटी पूर्ण’ असं नवं पत्र घ्या. रक्कमही जुळवा: फी 18,000 पौंड आणि विद्यापीठाच्या प्रवेश-पुष्टीपत्रावर म्हणजे कॅसवर 4,000 भरल्याची नोंद असेल, तर उरलेले 14,000 अधिक नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढं कर्जात बसलं पाहिजे. कमी पडलं तर तेवढी रक्कम बचतीतून दाखवता येते, पण त्या भागाला 28 दिवसांची अट लागते.