सीरम आणि प्लाझ्मा एकच का? आईच्या पोटॅशियमच्या रिपोर्टवरून

प्रश्न: आईचं (वय ६४) सीरम पोटॅशियम ६.१ आलं. ईसीजी आणि क्रिएटिनिन दोन्ही नीट आहेत, तरी डॉक्टरांनी "प्लाझ्मा पोटॅशियम" करून आणायला सांगितलंय. इथला लॅबवाला म्हणतो, हिरव्या टोपणाची नळी बेळगावहून मागवावी लागेल. सीरम आणि प्लाझ्मा एकच ना? मग दुसऱ्यांदा पैसे कशाला?

उत्तर:

एकच नाहीत, आणि नेमका पोटॅशियममध्येच हा फरक माणसाला घाबरवून सोडतो. मी खानापूर तालुक्यात बरीच वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम करतोय, त्यामुळे जे हातून गेलंय तेच सांगतो. त्याआधी आईचा सीबीसीचा रिपोर्ट काढा आणि त्यात प्लेटलेट किती आहेत ते बघा. साधारण दीड ते साडेचार लाख असायला हव्यात. सात-आठ लाखांच्या वर असतील, तर डॉक्टरांच्या मनात काय आहे ते मला कळलं.

लाल टोपणाच्या नळीत रक्त घेतलं की अर्ध्या तासात ते गोठतं. मग ती नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची. गाठ खाली बसते आणि वर जे पिवळसर पाणी राहतं ते सीरम. सीरम हा मूळचा लॅटिन शब्द आणि त्याचा अर्थ दुधाची निवळ. दूध नासल्यावर छेना बाजूला होऊन जे पाणी उरतं ना, तेच. नाव ठेवणाऱ्यानं बरोबर ठेवलंय.

प्लाझ्मासाठी रक्त गोठूच द्यायचं नाही. नळीत आधीच रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, सायट्रेट किंवा ईडीटीए असतं; हिरव्या टोपणाच्या नळीत हेपॅरिन. नळी फिरवली की पेशी खाली बसतात आणि वर प्लाझ्मा येतो. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. पण प्लाझ्मात फायब्रिनोजेन आणि रक्त गोठवणारे बाकीचे घटक शाबूत असतात. सीरममध्ये फायब्रिनोजेन उरत नाही, कारण त्याचेच धागे होऊन गाठ बनलेली असते. म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी पीटी-आयएनआरसारखी टेस्ट सीरमवर होऊच शकत नाही. जे गोठायचं ते आधीच गोठून गेलंय, मशीन वाट कशाची बघणार? उलट रक्तातली प्रथिनं पट्ट्यांमध्ये वेगळी करून बघणाऱ्या प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसला सीरमच लागतं. तिथे प्लाझ्मा दिला तर फायब्रिनोजेनची एक जादा पट्टी उमटते आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरचा संशय येतो.

आता पोटॅशियम. सीरममध्ये काही गोष्टी कमी होतात तशा काही वाढतातही, हे सहसा कोणी सांगत नाही. गाठ तयार होताना प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्या पोटातला माल बाहेर पडतो. त्यात पोटॅशियमही असतं. निरोगी माणसात यामुळे सीरमचा आकडा प्लाझ्मापेक्षा ०.१ ते ०.४ नं जास्त येतो. तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण प्लेटलेट दुप्पट-तिप्पट असतील, तर हे सांडलेलं पोटॅशियमही त्याच मापानं वाढतं. ते आईच्या अंगात नसतं, नळीत तयार होतं.

आमच्याकडे जांबोटीच्या बाजूचे एक काका यायचे. दुचाकीवरून पडून प्लीहा फाटली, म्हणून ती काढून टाकलेली. शरीरातल्या प्लेटलेटचा जवळपास तिसरा हिस्सा प्लीहेत साठलेला असतो, त्यामुळे ती काढल्यावर रक्तातला आकडा चढतो. त्यांच्या प्लेटलेट ९.८ लाख होत्या आणि सीरम पोटॅशियम ५.९. दवाखान्यात धावपळ झाली, नारळपाणी-केळी बंद झाली, पण ईसीजी स्वच्छ. मग डॉक्टरांनी एकाच टोचणीत दोन नळ्या घ्यायला लावल्या, एक लाल आणि एक हिरवी. लाल नळीत पुन्हा ५.८, हिरव्या नळीत ४.२. रक्त तेच, हात तोच, वेळ तीच. काकांनी मला विचारलं, "मग खरं कुठलं म्हणायचं रे?" खरं ४.२. केळी पुन्हा सुरू झाली.

हिरवीच नळी का, जांभळी का नको? जांभळ्या नळीतलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, म्हणजे मोजायची वस्तू आधीच नळीत बसलेली. शिवाय ते कॅल्शियम पकडून ठेवतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मीच हा घोळ केलाय. लाल नळीत रक्त कमी पडलं, म्हणून सीबीसीच्या जांभळ्या नळीतलं थोडं त्यात ओतलं. पोटॅशियम १४ च्या वर आलं आणि कॅल्शियम जवळपास नाहीसं झालं. असा रिपोर्ट जिवंत माणसाचा नसतोच. आमच्या सरांनी आकडे बघताक्षणी ओळखलं आणि मला चांगलंच झापलं. तुमच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम विचित्र कमी असेल, तर अशी भेसळ झालीय का ते विचारा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार होते. खेड्यातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त घेतात, नळी न फिरवताच फ्रीजमध्ये ठेवतात आणि दुपारच्या गाडीनं बेळगावला पाठवतात. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा पंचवीसेक पट असतं. ते आत धरून ठेवणारा पंप थंडीत मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटल्या असत्या तर सीरम गुलाबी झालं असतं आणि कोणाच्याही लक्षात आलं असतं. पण असं झिरपताना पेशी फुटत नाहीत, सीरम नितळ पिवळंच दिसतं. म्हणून नमुना कुठे घेतला आणि किती वाजता फिरवला, हे विचारायला लाजू नका.

हिरव्या नळीलाही मर्यादा आहे. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी प्रचंड वाढल्या असतील तर गाडं उलटं फिरतं. त्या नाजूक पेशी हेपॅरिनच्या नळीत फुटतात आणि प्लाझ्माचाच आकडा खोटा चढतो. म्हणून सीबीसीत डब्ल्यूबीसीचा आकडाही बघून घ्या.

नळी मागवायचे पैसे वाया जाणार नाहीत. पण जमलं तर नळी इकडे मागवण्यापेक्षा आईलाच बेळगावला घेऊन जा, म्हणजे नमुना प्रवासात अडकणार नाही. एकाच वेळी लाल आणि हिरवी अशा दोन्ही नळ्या घ्यायला सांगा. हाताला पट्टा बांधल्यावर मूठ उघड-मीट करायला लावतात, ती आईनं करू नये, त्यानंही आकडा वाढतो. नळी तासाभरात फिरवायला सांगा आणि तोवर फ्रीज नको. हिरवीत चार-साडेचार आलं तर डॉक्टर पोटॅशियम सोडून प्लेटलेट का वाढल्या ते शोधतील. हिरवीतही सहाच आलं तर ते खरं धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत जा. जाताना बीपीच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, त्यातल्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात.