जर्मन एक्सेलमधला #WERT! आणि त्याच्या खालचा Dez 77

प्रश्न: सातपूरला आमच्या शॉपमध्ये जर्मन मशीनसोबत आलेल्या पीसीवर एक्सेल जर्मन भाषेत आहे. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये मोजलेल्या मापातून ड्रॉईंगचं माप वजा करायचं, एवढाच फॉर्म्युला आहे. तरी काही ओळींत #WERT! येतं. स्क्रीनशॉट जोडलाय. जर्मन येत नाही. फॉर्म्युला कसा दुरुस्त करू?

उत्तर:

फॉर्म्युल्याला हात लावायच्या आधी थांबा, तो बरोबर आहे. `=D5-C5` हे जर्मन एक्सेलमध्येही असंच लिहितात. `#WERT!` म्हणजे आपल्या नेहमीच्या एक्सेलमधला `#VALUE!`. वजाबाकीसाठी दोन आकडे हवे होते आणि त्यातल्या एका सेलमध्ये एक्सेलला आकड्याऐवजी मजकूर सापडला, एवढीच त्याची तक्रार आहे.

तो सेल कोणता, हे तुमच्या स्क्रीनशॉटमध्येच दिसतंय. C कॉलममधली ड्रॉईंगची मापं `18,50`, `32,00` अशी स्वल्पविराम देऊन लिहिलेली आहेत आणि सेलच्या उजव्या कडेला टेकलेली आहेत. D कॉलममध्ये मात्र `18.52`, `31.98` असा टिंब आहे आणि हे आकडे डाव्या कडेला चिकटलेत. कोणी मुद्दाम अलाइनमेंट बदलली नसेल तर एक्सेल आकडे उजवीकडे ठेवतं आणि मजकूर डावीकडे. म्हणजे तुमच्या डोळ्यांना `18.52` आकडा वाटतो, पण त्या पीसीला ती नुसती अक्षरं आहेत. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम वापरतात. टिंब हजार वेगळे करायला आणि तारखेत येतो. D कॉलमची मापं तुम्ही बहुधा मोजणीच्या दुसऱ्या पीसीवरून सीएसव्ही फाइलमधून आणली असणार, आणि तो पीसी आपल्या पद्धतीने टिंब देतो.

पण मला काळजी `#WERT!` आलेल्या ओळींची नाही. सातवी ओळ बघा. ड्रॉईंगचं माप `12,75` आहे, मोजलेल्या मापाच्या जागी `Dez 77` लिहिलंय आणि फरक `28447,25` आलाय. कोणी तिथे तारीख टाइप केलेली नाही. मोजलेलं माप १२.७७ होतं. टिंब पाहून जर्मन एक्सेलने तो बारावा महिना आणि ७७ साल समजून १ डिसेंबर १९७७ केला. एक्सेल तारीख आतमध्ये दिवसांच्या आकड्यात साठवतं, त्या दिवसाचा आकडा २८४६०. त्यातून १२.७५ गेले की २८४४७.२५ उरतात. हिशोब चोख आहे, फक्त तुमच्या पार्टचा नाही.

१८.५२ आणि ३१.९८ मात्र वाचले, कारण अठरावा किंवा एकतिसावा महिना नसतो आणि बावन्नावा महिनाही नसतो. त्यांची तारीख बनवता येईना, म्हणून एक्सेलने ते मजकूर म्हणून सोडून दिले आणि पुढे वजाबाकीत `#WERT!` आलं. थोडक्यात, एरर आलेल्या ओळींत तुमचं मूळ माप शाबूत आहे. एरर न आलेल्या काही ओळींत ते गेलेलं आहे. नववी ओळ बरोबर दिसते, कारण तिथे मोजलेलं माप नेमकं २५ आहे आणि त्यात टिंबच नाही. त्या एका ओळीमुळेच तुम्हाला वाटलं असेल की फॉर्म्युला कुठे चालतो, कुठे चालत नाही.

`Dez 77` च्या सेलचं फॉरमॅट बदलून माप परत मिळेल असं वाटतं, पण मिळत नाही. `Start` टॅबमध्ये `Zahl` गटातल्या यादीतून `Standard` निवडलंत तर तिथे `28460` दिसेल. जुन्या सालाच्या तारखेवरून निदान ओळखता तरी येतं की हे १२.७७ असावं. आठव्या ओळीत `04. Mai` आहे, तिथे तेही शक्य नाही. ४.५ लिहा किंवा ४.०५ लिहा, जर्मन एक्सेलमध्ये दोन्हींचा ४ मे होतो. या दोन मापांत ०.४५ मिमीचा फरक आहे. इतक्या फरकात पार्ट ओकेही होईल आणि भंगारातही जाईल, म्हणून अंदाजाने दुरुस्त करू नका. D कॉलम पूर्ण पुसा आणि मूळ सीएसव्हीवरून पुन्हा भरा.

भरताना सीएसव्हीवर डबलक्लिक करू नका. डबलक्लिकने ती थेट एक्सेलमध्ये उघडते आणि तारखांचा घोळ उघडतानाच होतो, तुम्ही काही करण्याआधी. त्याऐवजी फाइलवर राइट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. जर्मन विंडोजमध्ये नोटपॅडचं नाव `Editor` आहे. आता एक्सेलमध्ये D कॉलम निवडा आणि `Zahl` गटातल्या त्याच यादीतून `Text` निवडा. हे पेस्ट करायच्या आधी करायचं, नंतर करून उपयोग नाही. मग नोटपॅडमधून मापं कॉपी करून पेस्ट करा. सगळी डावीकडे चिकटून बसतील, `12.77` जसंच्या तसं `12.77` दिसेल. आता सगळ्याच ओळी मजकूर आहेत, आणि आपल्याला तेच हवंय.

मग E5 मध्ये हा फॉर्म्युला टाका आणि खाली ओढा:

```
=ZAHLENWERT(D5;".";",")-C5
```

`ZAHLENWERT` हे इंग्रजी एक्सेलमधलं `NUMBERVALUE`. एक्सेल २०१३ पासून आहे. दुसऱ्या जागी तुम्ही त्याला सांगता की या मजकुरात टिंब म्हणजे दशांश, आणि तिसऱ्या जागी सांगता की स्वल्पविराम म्हणजे हजार. पीसीची सेटिंग काहीही असली तरी ते तुमचंच ऐकतं, म्हणून मला बाकी उपायांपेक्षा हा आवडतो. पाचव्या ओळीत `0,02`, सहाव्यात `-0,02` आणि सातव्यात `0,02` यायला हवं. एक पथ्य पाळा. D मधला सेल रिकामा राहिला तर `ZAHLENWERT` शून्य देतं आणि फरक `-18,50` असा येतो. ते माप चुकलेलं नसतं, घ्यायचं राहिलेलं असतं.

तुमच्या गेजवरून तीन दशांश येत असतील तर ही पद्धत जास्तच गरजेची. `18.523` थेट पेस्ट केलं तर जर्मन एक्सेल त्याला अठरा हजार पाचशे तेवीस समजतं. आकडा उजवीकडे टेकतो, `#WERT!` येत नाही, तारीखही बनत नाही.

यानंतर तुम्ही ओके-एनजीचा कॉलम करायला जाल आणि तिथे दुसरी अडचण येईल, म्हणून आत्ताच सांगतो. आपल्या सवयीने `=IF(ABS(E5)<=0.05,"OK","NG")` लिहिलंत की एक खिडकी उघडेल आणि तिची सुरुवात `Es liegt ein Problem mit dieser Formel vor` अशी असेल. फॉर्म्युला लिहिण्यातच गडबड आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्वल्पविराम दशांशासाठी वापरला गेल्यामुळे फॉर्म्युल्याचे भाग वेगळे करायला तिथे अर्धविराम लागतो. अर्धविराम देऊन आणि दशांश बदलूनही `IF` तसंच ठेवलंत तर `#NAME?` येईल, कारण त्या एक्सेलला `IF` माहीत नाही. तिथे ते `WENN` आहे:

```
=WENN(RUNDEN(ABS(E5);3)<=0,05;"OK";"NG")
```

`RUNDEN` म्हणजे `ROUND`, आणि ते मी शोभेसाठी घातलेलं नाही. संगणक आकडे द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे १८.५५ वजा १८.५० बरोबर ०.०५ येत नाही, सोळाव्या दशांशाच्या आसपास केसभर जास्त येतं. टॉलरन्सच्या काठावर बसलेला चांगला पार्ट त्या केसभरामुळे `NG` दाखवतो आणि मग क्वालिटी आणि प्रॉडक्शन एकमेकांशी भांडत बसतात. तीन दशांशांवर गोल केलं की मिटतं.

आता कोणी सांगेल की एक्सेलची भाषाच इंग्रजी करून टाका. करता येईल, `Datei` मध्ये `Optionen` आणि त्यात `Sprache`, इंग्रजी नसेल तर भाषेचा पॅक टाकावा लागेल. पण त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही. `WENN` चं `IF` होईल, `#WERT!` चं `#VALUE!` होईल, पण १२.७७ चा डिसेंबर तसाच राहील. फंक्शनची नावं एक्सेलच्या भाषेवर ठरतात. दशांशचिन्ह आणि अर्धविराम मात्र विंडोजच्या प्रदेशाच्या सेटिंगवर ठरतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग विंडोजचा प्रदेशच भारत करावा का? ऑफिसच्या लॅपटॉपवर खुशाल करा. मशीनसोबत आलेल्या पीसीवर मी करणार नाही, आणि तुम्हीही सर्व्हिस इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. मशीनचं सॉफ्टवेअर दशांशचिन्ह विंडोजकडून घेत असेल तर तुमचा रिपोर्ट सुधारेल आणि तिकडे प्रोग्रॅममधली मापं बिघडतील.

जर्मन ग्राहकाला किंवा अंबडच्या तुमच्या दुसऱ्या युनिटला ही फाइल पाठवताना फॉर्म्युले बदलायची गरज नाही. xlsx फाइलच्या आत फंक्शनची नावं इंग्रजीतच साठवलेली असतात, उघडणाऱ्याच्या एक्सेलप्रमाणे ती दिसतात. अंबडला इंग्रजी एक्सेलमध्ये तोच फॉर्म्युला `=NUMBERVALUE(D5,".",",")-C5` असा दिसेल आणि उत्तर तेच देईल. अवतरणचिन्हांमधला मजकूर मात्र भाषांतरित होत नाही. टेम्प्लेटमध्ये वर तारखेसाठी `TEXT(B1;"TT.MM.JJJJ")` असेल तर आपल्या पीसीवर तिथे तारखेऐवजी `TT` आणि `JJJJ` ही अक्षरंच येऊ शकतात. तिथे `TEXT` काढून सरळ `=B1` लिहा आणि सेललाच तारखेचं फॉरमॅट द्या, म्हणजे दोन्हीकडे नीट दिसेल.

आणि गेल्या काही लॉटचे रिपोर्ट याच शीटवर बनवून गेले असतील तर ते उघडून D कॉलममध्ये महिन्यांची नावं शोधा. `#WERT!` शोधत बसू नका.