मुलाचा घसा घरी बघताना काय दिसतं आणि कशाला घाबरायचं

प्रश्न : "मुलगा पाच वर्षांचा आहे. कालपासून घसा दुखतोय म्हणतो. टॉर्च लावून बघितलं तर दोन्ही बाजूंना मोठ्या गाठी दिसल्या, एकीवर पांढरे ठिपके आहेत. हे नॉर्मल आहे का? चमच्याने नीट कसं बघायचं?"

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आधी कधी बघायचं नाही ते सांगतो. मुलाची लाळ गळत असेल, थुंकीही गिळता येत नसेल, श्वास आत घेताना घरघर येत असेल किंवा तो हनुवटी पुढे काढून, वाकून बसत असेल, तर चमचा हातात घेऊच नका. घशात खोलवर सूज असली तर जीभ दाबल्याने श्वासाची वाटच बंद होऊ शकते. आडवं न करता, तो जसा बसलाय तसाच थेट हॉस्पिटलमध्ये न्या.

तुमच्या मुलाचं तसं काही नाही असं धरून पुढे लिहितो. खाल्ल्या खाल्ल्या बघू नका, उलटी होईल. एकाने त्याला मांडीवर पाठमोरं घ्यायचं, एका हाताने त्याचे दोन्ही हात धरायचे आणि दुसरा हात कपाळावर ठेवून डोकं आपल्या छातीला टेकवायचं. टॉर्च दुसऱ्याने धरायचा. आधी चमच्याशिवाय बघा : जीभ बाहेर काढून जोरात "हाऽऽ" करायला सांगितलं की या वयाच्या बऱ्याच मुलांचं सगळं दिसतं. नाहीच दिसलं तर स्टीलच्या चमच्याचा चपटा, गुळगुळीत दांडा कोमट पाण्यात बुडवून जिभेच्या मध्यापर्यंतच, थोडा कडेने ठेवा आणि खाली दाबा. त्याच्या मागे गेलात की उबळ येते. उबळ आली की दोन्ही टॉन्सिल मधोमध सरकतात आणि असतात त्यापेक्षा बरेच मोठे दिसतात. रडल्यावर घसाही लाल होतो. म्हणून दोन-तीन सेकंदांची एकच नजर पुरे.

आता तुमच्या गाठी. साधारण चार ते आठ या वयात टॉन्सिल मोठेच असतात. दोन्ही सारखे, गालाच्या आतल्या भागाइतकेच गुलाबी असतील तर आकाराची काळजी नको. त्यांच्यावर खड्डे असतात आणि त्यात अन्नाचे कण, मेलेल्या पेशी साचून पांढरट-पिवळे दाणे तयार होतात. ताप नाही, मूल नीट जेवतंय आणि खड्ड्यांत दोन-चार दाणे दिसतायत, तर तो आजार नव्हे. घशाच्या मागच्या भिंतीवर आणि जिभेच्या मुळाशी उंचवटे दिसतात, तेही बहुतेक वेळा नेहमीचेच. मी तर आयांना सांगतो, मूल ठणठणीत असताना एकदा घसा बघून ठेवा. मग आजारपणात नवं काय आणि नेहमीचं काय ते लगेच कळतं.

पण ठिपक्यांबरोबर अचानक चढलेला ताप, लालबुंद टॉन्सिल, टाळूवर बारीक लाल ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील, आणि सर्दी-खोकला मात्र नसेल, तर स्ट्रेप्टोकोकस जंतूची शंका येते. उलट नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा व्हायरस, आणि त्यावर अँटिबायोटिक लागत नाही. मात्र व्हायरसनेही टॉन्सिलवर पांढरं येतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी नक्की सांगता येत नाही. मलाही नाही. शंका असेल तर घशाचा स्वॅब घेतात. स्ट्रेप्टोकोकस निघाला तर गोळ्या-औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा पूर्ण दहा दिवस, द्यायचं. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून थांबायचं नाही. उपचार अर्धवट राहिले तर पुढे सांधे आणि हृदयाच्या झडपांवर परिणाम होऊ शकतो, आणि आपल्याकडे असे पेशंट अजूनही दिसतात.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी, दाखवा. एक, दोन बाजू सारख्या नसणं. एकच टॉन्सिल फुगून पुढे आलाय, पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकलली गेलीय, मूल तोंड पूर्ण उघडू शकत नाही आणि तोंडात गरम घास असल्यासारखं बोलतंय. टॉन्सिलच्या मागे पू झाला की असं होतं. दुसरी, राखाडी-पांढरा पडदा, जो टॉन्सिलपुरता न थांबता पडजिभेवर किंवा टाळूवर पसरलाय. हा घटसर्प असू शकतो. चमच्याने किंवा बोटाने तो खरवडून बघू नका, रक्त येतं. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. घटसर्पाची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात, मग बूस्टर दीड ते दोन वर्षांदरम्यान आणि पाच-सहा वर्षांना. तुमच्या मुलाचा दुसरा बूस्टर आत्ताच यायचा असेल, तेवढं कार्डावर बघून घ्या.

ताप नसेल आणि तो पाणी पीत असेल तर आज थांबून उद्या पुन्हा बघा. ताप आला, गिळायला नको म्हणू लागला किंवा लघवी कमी झाली तर दवाखान्यात घेऊन जा.