‘एजिंग’ कामं: प्रलंबित, रखडलेली की नुसतीच वयाची?

प्रश्न: आमच्या टीमच्या सकाळच्या बैठकीत ‘एजिंग वर्क इन प्रोग्रेस’ नावाचा चार्ट उघडतात. त्याला ‘प्रलंबित कामांचा तक्ता’ म्हटलं तर चालेल का? आणि त्यातलं ‘एज’ आणि ‘सायकल टाइम’ एकच की वेगळं?

उत्तर: ‘प्रलंबित’ नको. कोर्टातले खटले आणि कचेरीतली प्रकरणं प्रलंबित असतात, आणि त्यात कोणी हातही न लावलेलं प्रकरण येतंच. या चार्टवर मात्र सुरू केलेली, पण अजून न संपलेली कामंच दिसतात. ‘रखडलेली’ त्याहून वाईट, कारण तो शब्द आधीच निकाल देऊन मोकळा होतो. आज सकाळी सुरू केलेलं कामही या चार्टवर असतं आणि ते बिचारं कुठे रखडलेलं असतं?

सरळ ‘वय’ म्हणा. निर्जीव गोष्टीला वय कसं, अशी शंका येईल, पण पृथ्वीचं वय, खडकाचं वय आपण म्हणतोच. ‘हातातल्या कामांच्या वयाचा चार्ट’ असं मी म्हणेन, बोलताना नुसतं ‘वयाचा चार्ट’. ‘चालू कामं’ मी मुद्दाम टाळतो, कारण ‘चालू काम’ म्हटलं की मराठी कानाला आधी उरकून टाकलेलं, सुमार काम ऐकू येतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या भाषेत जवळजवळ तयारच आहे. चालत्याबोलत्या माणसाचं आपण वय विचारतो. तो गेल्यावर ‘किती आयुष्य लाभलं’ असं बोलतो. वय रोज वाढतं, आयुष्याचा आकडा शेवटीच कळतो. ‘एज’ म्हणजे काम सुरू झाल्यापासून आजपर्यंतचे दिवस, म्हणजे वय. ‘सायकल टाइम’ म्हणजे सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे दिवस, म्हणजे आयुष्य. न संपलेल्या कामाला सायकल टाइम नसतोच. (भोसरी-चाकणच्या कारखान्यातून आलेल्या मंडळींनी जपून राहावं. तिथे मशीनवर एक नग काढायला लागणाऱ्या वेळालाही सायकल टाइम म्हणतात आणि तो सेकंदांत मोजतात. तो अर्थ इथे आणला की गोंधळ होतो.)

हा फरक व्याकरणाचा वाटेल, पण चार्ट वाचायची किल्ली त्यातच आहे. टीमची सायकल टाइमची सरासरी फक्त संपलेल्या कामांची असते. एखादं काम तीन आठवडे पडून असलं तरी सरासरीला त्याचा पत्ता नसतो. ते संपेल त्या दिवशी सरासरी उडी मारते आणि तोवर काही करण्यासारखं उरलेलं नसतं. वयाचा चार्ट ते आधी दाखवतो.

मी ज्या टीममध्ये होतो तिथलं उदाहरण सोप्या आकड्यांत मांडतो. चार्टच्या आडव्या अक्षावर टीमच्या बोर्डाचे रकाने: विश्लेषण, डेव्हलपमेंट, टेस्टिंग. उभ्या अक्षावर दिवस. प्रत्येक काम म्हणजे एक ठिपका, आज ज्या टप्प्यात आहे त्या रकान्यात आणि जितक्या दिवसांचं आहे तितक्या उंचीवर. वर आडव्या रेघा असतात, त्या संपलेल्या कामांवरून काढलेल्या. आमची मागची ४० कामं घेतली तर २० कामं ४ दिवसांत संपली होती, ३४ कामं ९ दिवसांत आणि ३८ कामं १४ दिवसांत. म्हणून ५० टक्क्यांची रेघ ४ वर, ८५ ची ९ वर आणि ९५ ची १४ वर. इथे बोलताना एक गंमत होते. ‘साठी उलटली’च्या चालीवर कुणीतरी ‘या कामाने पंच्याऐंशी ओलांडली’ म्हणतं आणि नवा माणूस दचकतो. ओलांडायचे असतात ते ९ दिवस; ८५ ही टक्केवारी आहे. रेघेचं नाव घेण्यापेक्षा ‘नऊ उलटले’ म्हणावं.

त्या दिवशी डेव्हलपमेंटच्या रकान्यात एक ठिपका ११ वर होता: बिलावरचा पत्ता बदलण्याचं काम. ३ तारखेला सुरू झालेलं, आज १३, दोन्ही दिवस धरून ११. शनिवार-रविवार धरायचेच, कारण ज्याने काम मागितलंय तोही कॅलेंडरच्याच दिवसांनी वाट बघतो. चौकशी केली तेव्हा कळलं की कोड चौथ्याच दिवशी झाला होता. दुसऱ्या विभागाकडून एका उत्तराची वाट बघणं चाललं होतं आणि ‘वाट बघतोय’ असा रकाना बोर्डावर नव्हता, म्हणून कार्ड डेव्हलपमेंटमध्येच बसून होतं. ठिपका उंची सांगतो, कारण सांगत नाही. ते विचारावंच लागतं.

पण तो ठिपका कुणालाही दिसला असता. माझ्या मते चार्टची खरी गंमत खाली होती. विश्लेषणाच्या रकान्यात एक काम ६ दिवसांचं होतं. ९ च्या रेघेखाली, म्हणून कुणाचं लक्ष नाही. पण आमची बहुतेक कामं दुसऱ्या दिवशीच विश्लेषणातून पुढे सरकत. टेस्टिंगमधलं ६ दिवसांचं काम तरुण, विश्लेषणातलं ६ दिवसांचं काम वयस्क. काही सॉफ्टवेअर प्रत्येक रकान्यात वेगळे रंगीत पट्टे दाखवतात: संपलेली कामं त्या रकान्यातून बाहेर पडली तेव्हा किती दिवसांची होती, याचे. पट्टे नसतील तर हा हिशेब डोळ्यांनीच करावा लागतो.

आणखी एक गोष्ट शब्दांतून सुटते. काम सुरू करताना ते ९ च्या पुढे जाण्याची शक्यता ४० मध्ये ६, म्हणजे १५ टक्के. पण ४ दिवस उलटल्यावर तुलना उरलेल्या २० कामांशीच करायची, कारण बाकीची २० तोवर संपलेली असतात. आता २० मध्ये ६, म्हणजे ३० टक्के. धोका दुप्पट झाला आणि ९ ची रेघ अजून लांब आहे. म्हणून ४ उलटलेल्या कामाविषयी सकाळी दोन मिनिटं बोलावं, ९ ची वाट बघू नये. ‘मोठं काम आहे हो’ हे उत्तर येईल. असेलही, पण मग ते फोडता येईल का, हेही त्याच दोन मिनिटांत विचारावं.

रेघा मात्र कालच्या कामांच्या असतात. टीममधली दोन माणसं बदलली, कामाची पद्धत बदलली, की जुनी ९ ची रेघ नव्या कामांना लावण्यात अर्थ नाही. आणि संपलेली कामं दहा-बाराच असतील तर एकाच कामाने ती रेघ वरखाली होते.

राहता राहिली वय चोरण्याची गोष्ट. माणसं चोरतात तशी टीमसुद्धा चोरते: कार्ड उचलून परत ‘करायचं आहे’मध्ये ठेवायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा काढायचं. तारीख नव्याने मोजली गेली तर ठिपका तळाला येतो. आमच्याकडे पत्त्याच्या त्या कामाला हे होऊ घातलं होतं. सुरुवातीची तारीख ३ च राहील, असं बजावून कार्ड होतं तिथेच ठेवलं. १६ तारखेला, वयाच्या १४ व्या दिवशी ते संपलं, आणि त्या दिवसापासून १४ हे त्याचं आयुष्य.