शिक्षेवरची सुनावणी: सुधारणेचा पुरावा आपणच ठेवावा लागतो

प्रश्न: "धाकट्या भावाला जुन्या दंड संहितेच्या कलम ३२५ खाली दोषी धरलंय. भांडणात काठी मारली, समोरच्याचा हात मोडला. घटना २०२२ ची, तेव्हा तो २२ वर्षांचा होता, आधीचं काही नाही. शिक्षेवर म्हणणं ऐकायला पुढच्या आठवड्यातली तारीख आहे. वकील म्हणतात, दया दाखवा म्हणू. जरब, बदला, सुधारणा हे सिद्धांत न्यायाधीश खरंच तोलतात का, की आकडा आधीच ठरलेला असतो?"

तोलतात, पण समोरच्या कागदांवर जे आहे तेच तोलतात. माझ्या मामेभावाचं कलम हेच होतं आणि त्याचं सगळं याच टप्प्यावर बिनसलं, म्हणून जरा लांबण लावतो. मी वकील नाही. खालचं काहीही करण्याआधी तुमच्या वकिलांना विचारा.

तीन सिद्धांत पुस्तकात शेजारी शेजारी बसतात, कोर्टात तसं नसतं. गुन्ह्याला साजेशी शिक्षा व्हावी, हा प्रतिशोधाचा विचार. त्याचा पुरावा खटल्यातच आलेला असतो: जखमेचा दाखला, एक्स-रे, जप्त केलेली काठी, घाव कुठे बसला, किती बसले, भांडण कोणी उकरलं. दुसऱ्यांना धाक बसावा, हा जरबेचा विचार. सरकारी वकील उभे राहून "असे प्रकार वाढले आहेत" म्हणाले की तो मांडून झाला. त्यासाठी त्यांना सहसा कागदही लागत नाही. सुधारणेचं मात्र फाइलीत काहीच नसतं. खटला "यानं मारलं का" एवढ्याचाच असतो. तुमचा भाऊ काय काम करतो, घरात कोण त्याच्यावर अवलंबून आहे, त्या दिवसानंतर तो कसा वागला, हे तोवर कुणी विचारलेलंच नसतं. म्हणजे दोन पारड्यांत सरकारनं आधीच वजन टाकलंय आणि तिसरं रिकामं आहे. ते भरायला मिळणारी जागा म्हणजे ही तारीख.

ही तारीख म्हणजे उपकार नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळं ऐकणं बंधनकारक केलं. सत्र न्यायालयासाठी कलम २३५(२), मॅजिस्ट्रेटपुढच्या तुमच्यासारख्या खटल्यासाठी २४८(२). नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच २५८ आणि २७१ मध्ये आलंय. १९७६ मध्ये संता सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, शिक्षेवर ऐकूनच घेतलं नाही एवढ्या कारणावरून फाशीची शिक्षा बाजूला ठेवली आणि प्रकरण परत सत्र न्यायालयाकडे पाठवलं. नुसतं तोंडी ऐकणं पुरेसं नाही, आरोपीला आपल्याबद्दलची माहिती आणि पुरावा ठेवू दिला पाहिजे, असं त्या निकालात आहे. तुमचे वकील त्या दिवशी चार वाक्यं बोलून बसणार असतील, तर हा निकाल त्यांच्या हातात ठेवा.

आता तोलतात कसं, ते तुमच्याच प्रकरणावर बघू. कलम ३२५ सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड म्हणतं. पण खटला प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटपुढे असेल तर त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. जास्त हवी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. त्या हद्दीत पहिला निकष गुन्ह्याच्या वजनाचा. रागाच्या भरात, हाताला लागेल ती काठी, एकच घाव, तोही हातावर, हे एक टोक. काठी घरून आणलेली, माणूस पडल्यावरही मारत राहिला, हे दुसरं. कलम तेच, हाड तसंच मोडलेलं, पण दोन्हींना सारखी शिक्षा झाली तर ती न्याय्य म्हणता येणार नाही. माझ्या मते प्रतिशोधाचं खरं काम वरची मर्यादा आखण्याचं आहे. जखमी माणसाच्या वेदनेची किंमत शिक्षेत दिसायला हवी, पण धाकासाठी किंवा सुधारणेसाठी म्हणून गुन्ह्याच्या वजनापेक्षा जास्त कैद देऊ नये.

जरब कधी भारी पडते, ते गुन्ह्याच्या प्रकारावर ठरतं. बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्याला प्रोबेशनचा, म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याचा, लाभ देऊ नये, असं दलबीर सिंग प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. कारण तिथे धाक असणं हाच रस्त्यावरच्या प्रत्येकाचा बचाव आहे. पुढे अशाच वाहन अपघातातल्या मृत्यूच्या सौरभ बक्षी प्रकरणात खालच्या कोर्टानं एक वर्ष दिलं होतं. उच्च न्यायालयानं मृताच्या कुटुंबाला ८५,००० रुपये भरपाई मिळाली हे धरून शिक्षा भोगलेल्या २४ दिवसांवर आणली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सहा महिन्यांवर नेली. पूर्ण वर्ष परत दिलं नाही आणि २४ दिवसही चालू दिले नाहीत. भरपाईला वजन मिळालं, पण पैसे देऊन सुटता येतं असा अर्थ निघू दिला नाही. तोलणं म्हणतात ते हे.

शेजाऱ्यांच्या अचानक भांडणात जरबेचा मुद्दा मला लंगडा वाटतो. डोकं फिरलेला माणूस तेव्हा दुसऱ्या कुणाला किती वर्षं झाली हे आठवत नाही. हे तुमच्या वकिलांनी स्पष्ट म्हणायला हवं, कारण सरकारी वकिलांचं "समाजात जरब बसावी" हे वाक्य कुणी उत्तर दिलं नाही तर जसंच्या तसं निकालपत्रात उतरतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सुधारणेचा विचार कायद्यात १९५८ च्या प्रोबेशन कायद्यातून येतो. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात कोर्ट कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडू शकतं. त्याआधी परिवीक्षा म्हणजेच प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल आला असेल तर तो विचारात घ्यावा, असं कलम ४ सांगतं. एकवीसच्या आतल्या आरोपीसाठी अहवाल मागवावाच लागतो. त्याहून मोठ्यांसाठी कोर्ट आपणहून मागवेल याचा भरवसा नाही. तसा लेखी अर्ज करावा लागतो.

मामेभावाच्या वेळी कोर्टानं अहवाल मागवला. आम्ही निश्चिंत झालो, इथेच गाडं अडलं. त्या कार्यालयातून घरी कुणी आलंच नाही. छापील फॉर्म भरून गेला. व्यवसायाच्या रकान्यात "काही नाही", तो तेव्हा एका वर्कशॉपमध्ये रोज कामाला जात होता. शेजाऱ्यांच्या मताच्या रकान्यात "माहिती मिळाली नाही", शेजाऱ्यांचं दार कुणी वाजवलंच नव्हतं. शेवटी "वर्तणुकीबाबत खात्री देता येत नाही" आणि सही. वर्कशॉपच्या मालकाचं पत्र घेऊन आम्ही त्या कार्यालयात गेलो, तर सांगितलं, अहवाल गोपनीय आहे, तुम्हाला दाखवता येत नाही, पत्र आमच्याकडे घेत नाही. न्यायाधीशांनी त्या फॉर्मवर विसंबून लिहिलं की आरोपी सुधारेल असं दर्शवणारं काही समोर नाही, आणि दोन वर्षं सक्तमजुरी दिली. मला त्या न्यायाधीशांचा राग नाही. त्यांच्यापुढे खरंच काही नव्हतं. राग आहे तो एका माणसाची दोन वर्षं एका फॉर्मवर, घराचा उंबरा न ओलांडता, लिहून टाकणाऱ्या टेबलाचा. अहवाल लिहिणारा तिथे सुधारणेच्या बाजूचा एकमेव सरकारी साक्षीदार असतो. तोच गैरहजर राहिला तर सिद्धांत कितीही उदात्त असो, उपयोग शून्य.

जे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, ते त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. अहवाल गोपनीय खराच, पण कोर्टाला योग्य वाटलं तर ते त्याचा गोषवारा आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकतं. म्हणजे अर्ज कार्यालयाकडे न करता कोर्टात करायचा. अहवाल आला की लगेच वकिलांनी गोषवारा मागावा. चुकीचं काही निघालं तर हजेरीपट, पगाराची पावती, मालकाचं शपथपत्र तिथेच दाखल करावं. अपिलात आमच्या वकिलांनी हेच केलं. कलम ११ प्रमाणे अपिलाचं कोर्टही प्रोबेशन देऊ शकतं. सत्र न्यायालयानं नवा अहवाल मागवला. या वेळी दुसरे अधिकारी घरी आले, वर्कशॉपमध्ये गेले, जखमी माणसाच्या घरच्यांशीही बोलले. शिक्षा रद्द होऊन बंधपत्र झालं. सोबत कलम ५ खाली जखमीला भरपाई देण्याचा आदेश झाला, तो मला पूर्ण योग्य वाटला. उपचाराचा खर्च त्या माणसानं का सोसायचा?

तुमच्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून दोनच गोष्टींवर जोर द्या. अहवाल मागवण्याचा अर्ज आणि त्यासाठी तारीख वाढवून मागणं ही पहिली. दुसरी, भरपाई देण्याची तयारी लेखी कळवणं, झेपेल तोच आकडा लिहून. "दया दाखवा" हे मला पटत नाही. दया मागणारा शिक्षा कशाच्या आधारावर कमी करायची ते सांगतच नाही, आणि न्यायाधीशाला निकालपत्रात कारण लिहावं लागतं. उलट प्रोबेशन देता येत असूनही नाकारलं तर त्याची विशेष कारणं नोंदवावी लागतात (प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३६१, नवं ४०२). तुमचा अर्ज लेखी असेल तर त्याला उत्तर द्यावंच लागेल. तोंडी दयेला "विचार केला" एवढं पुरतं.

याची हमी कुणी देणार नाही. घाव डोक्यावर असेल, किंवा जखमीचा हात कायमचा अधू झाला असेल, तर पहिलं पारडं इतकं जड होतं की चांगला अहवालही कैद टाळत नाही, फार तर कमी करतो. तुमच्या फाइलीत काय आहे मला माहीत नाही.

जाता जाता: शिक्षा झालीच आणि ती तीन वर्षांपर्यंतची असली, आणि भाऊ जामिनावर असला, तर त्याच कोर्टात त्याच दिवशी अपिलासाठी शिक्षा स्थगित करायचा अर्ज देता येतो. जामीनदार सोबत न्या. आधी कोठडीत काढलेले दिवस कैदेतून वजा होतात (जुन्या प्रक्रिया संहितेचं कलम ४२८), ते निकालपत्रात नीट मोजलेत का बघा. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. आणि अहवाल मागवण्याचा अर्ज दिला की त्याची नोंद रोजनाम्यात झाली का, हे वकिलांना त्याच दिवशी बघायला सांगा. नोंद नसेल तर अपिलात तुम्ही तो दिला होता हे दाखवणं अवघड जातं.