पोर्टफोलिओच्या क्लिपखाली काय लिहायचं?

प्रश्न: मी कोल्हापुरात पॅकेजिंग डिझाइन करते. ४० सेकंदांची क्लिप यूट्यूबवर टाकतेय. शीर्षक आणि वर्णनात काय लिहू?

उत्तर: शीर्षकात आधी काम, मग गाव. ‘माय वर्क २’ असलं काही नको, ते कोणी शोधत नाही. ‘क्रिएटिव्ह डिझाइनर’ यातूनही गुळाच्या व्यापाऱ्याला काही कळत नाही. बॉक्स, लेबल, छपाईची फाइल हे त्याचे शब्द. वर्णनाच्या सुरुवातीच्या ओळीच आधी दिसतात, बाकीचं ‘आणखी’ दाबल्यावर. म्हणून कौशल्य आणि संपर्क तिथेच:

```
शीर्षक: गुळाचा बॉक्स व लेबल डिझाइन | कोल्हापूर
वर्णन: बॉक्स, लेबल, लोगो; इलस्ट्रेटरमध्ये, छपाईला तयार फाइल.
कामासाठी: https://wa.me/91XXXXXXXXXX
```

X च्या जागी तुमचा दहा आकडी व्हॉट्सअ‍ॅप नंबर. ९१ च्या आधी अधिक चिन्ह किंवा शून्य लावू नका. संपर्क एकच ठेवा. माझ्या वर्णनात तीन होते, आणि गिऱ्हाईक नेमकं मी न उघडणाऱ्या ई-मेलवर लिहायचं!

एक गोम आहे. क्लिप उभी किंवा चौकोनी असेल तर यूट्यूब ती शॉर्ट्समध्ये टाकतं आणि तिथल्या वर्णनातली लिंक दाबता येत नाही. तेव्हा आडवीच एक्स्पोर्ट करा, १९२० बाय १०८०. उभीच हवी असेल तर नंबर शेवटच्या फ्रेमवर मोठ्या अक्षरात, तीनेक सेकंद.