वाटाण्याच्या चौकटीतले चार खण

प्रश्न: भाचीच्या वहीतल्या चौकटीचा फोटो जोडलाय. वर R, r आणि डावीकडेही R, r. आत RR, Rr, rR, rr. दोन्ही झाडं गोल बियांची असताना सुरकुतलेली बी आली कुठून? आणि शेंगेत चार वाटाणे असतील तर त्यातला एक सुरकुतलेला निघणारच का?

उत्तर: चौकट बरोबर भरली आहे. फक्त ती वाचताना आधी आतल्या खणांकडे न बघता कडेच्या अक्षरांकडे बघा, कारण सगळा अर्थ तिथे आहे.

बीच्या आकाराचं जनुक प्रत्येक झाडात दोन प्रतींत असतं. फोटोतली दोन्ही झाडं Rr आहेत, म्हणजे एक प्रत गोल बीची R आणि एक सुरकुतलेल्या बीची r. झाड परागकण किंवा बीजांड तयार करतं तेव्हा त्यात दोनपैकी एकच प्रत जाते. त्यामुळे निम्म्या परागकणांत R आणि निम्म्यांत r, आणि बीजांडांचंही तसंच. वरची दोन अक्षरं हे दोन प्रकारचे परागकण, डावीकडची दोन अक्षरं ही दोन प्रकारची बीजांडं. आतला प्रत्येक खण म्हणजे त्यांची एक भेट. वर Rr असं जोडीनं लिहिणं ही वह्यांमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारी चूक. भाचीनं ती केलेली नाही. तिनं एका खणात Rr आणि दुसऱ्यात rR लिहिलंय, पण दोन्हींचा अर्थ एकच. फरक एवढाच की r एकदा परागकणातून आला आणि एकदा बीजांडातून.

आता सुरकुतलेली बी. गोल दिसणाऱ्या झाडांमध्ये r होताच, तो दिसत नव्हता. का दिसत नव्हता, हे बहुतेक वह्यांत नसतं. R प्रत एक विकर तयार करते, जे स्टार्चच्या साखळ्यांना फांद्या फोडतं. r प्रतीत सुमारे ८०० अक्षरांचा डीएनएचा एक परका तुकडा मध्येच घुसलेला आहे, म्हणून ते विकर नीट बनत नाही. rr बीमध्ये स्टार्च कमी बनतो आणि साखर जास्त उरते. साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे कोवळी बी जास्त फुगते. पुढे वाळताना ते पाणी गेलं की साल सुरकुतते. Rr बीमध्ये एकच चांगली प्रत असते, पण बी गोल राहायला तेवढं विकर पुरतं. R ‘प्रभावी’ म्हणतात ते एवढ्याचसाठी. तो r ला दाबून टाकत नाही. Rr बीतला स्टार्च सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याचे कण दोन्ही प्रकारांच्या मधले दिसतात. म्हणजे डोळ्यांना जे पूर्ण प्रभावी वाटतं, ते कणांच्या पातळीवर अर्धवटच असतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. चार खण म्हणजे चार वाटाणे नव्हेत. प्रत्येक वाटाणा वेगळ्या भेटीतून जन्मतो आणि शेजारच्या वाटाण्याला काय मिळालं हे त्याला ठाऊक नसतं. प्रत्येकाची सुरकुतलेला होण्याची शक्यता १/४, गोल होण्याची ३/४. चारही गोल निघण्याची शक्यता अशी:

```
3/4 × 3/4 × 3/4 × 3/4 = 81/256
```

म्हणजे जवळपास ३२ टक्के. चार वाटाण्यांच्या सुमारे दर तीन शेंगांमागे एकीत सुरकुतलेला दाणा मुळीच नसेल, आणि तरीही चौकट खोटी ठरणार नाही.

हे वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलच्या आकड्यांतच दिसतं. १८६६ साली छापलेल्या निबंधात त्यानं लिहिलंय की २५३ संकरित झाडांपासून ७३२४ बिया मिळाल्या. त्यात ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या होत्या. गुणोत्तर २.९६ : १. पण एकेकटं झाड बघितलं तर एकावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेल्या, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेल्या! मला हे टोकाचे आकडे फार आवडतात, कारण त्यानं ते लपवले नाहीत. (ही चौकट मात्र त्याची नाही. ती केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची.)

भाची पुढे विचारेल की गोल बी हातात घेऊन ती RR की Rr हे कसं ओळखायचं. नुसतं बघून नाही ओळखता येत. ती पेरायची, स्वपरागण होऊ द्यायचं आणि शेंगा उघडायच्या. मेंडेलनं अशा गोल बियांपासून ५६५ झाडं वाढवली. १९३ झाडांनी फक्त गोल बिया दिल्या, ३७२ झाडांनी दोन्ही प्रकारच्या. चौकटीतले तीन गोल खण पुन्हा मोजून बघा: एक RR, दोन Rr.